दीर्घ मुदतीत शेअर्सची जोखीम खरंच कमी होते का? टक्क्यांत एक उत्तर, रुपयांत दुसरं

खडकवासलेकर

गेल्या आठवड्यात एका गुंतवणूक सल्लागाराकडे जाणं झालं. त्यांनी नेहमीचा तो नरसाळ्याचा आलेख दाखवला. डावीकडे एक वर्ष, परतावा कुठेही जाऊ शकतो. उजवीकडे तीस वर्षं, परतावा एका चिंचोळ्या पट्ट्यात. निष्कर्ष असा की वेळ दिलात तर शेअर्सची जोखीम आपोआप विरते, तेव्हा तुमचं वय बघता सगळं इक्विटीत टाका.

घरी येऊन तोच आलेख टक्क्यांऐवजी रुपयांत मांडून बघितला. वर्षाला सरासरी १० टक्के, स्टँडर्ड डेव्हिएशन २० टक्के, दोन्ही लॉगमध्ये, आणि प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापासून स्वतंत्र असं धरलं. गुंतवणूक १ लाख, एकरकमी. दहातल्या नऊ वेळा रक्कम ज्या पट्ट्यात पडेल त्याची दोन टोकं काढली. तीस वर्षांचं खालचं टोक असं:

```
=EXP(0.1*30 - 1.645*0.2*SQRT(30))
```

वजाच्या जागी अधिक टाकलं की वरचं टोक मिळतं.

एका वर्षाने रक्कम ८० हजार ते १ लाख ५४ हजार. दहा वर्षांनी ९६ हजार ते ७ लाख ६९ हजार. तीस वर्षांनी ३ लाख ३१ हजार ते तब्बल १ कोटी २२ लाख, आणि मधोमधचा आकडा साधारण २० लाख. हेच वार्षिक टक्क्यांत मांडलं तर एका वर्षाला उणे २० ते अधिक ५४, आणि तीस वर्षांना ४ ते १७. म्हणजे आलेख खोटा नाही. पण मी निवृत्तीनंतर टक्के खाणार नाहीये, रुपये खाणार आहे, आणि रुपयांचा पट्टा तर फाकतच चाललाय. मग जोखीम कमी झाली असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

दीर्घपल्ला

मांडणी आवडली, पण तुम्ही घाबरताय चुकीच्या टोकाला. खालचं टोक बघा ना! एका वर्षाला ८० हजार, म्हणजे तोटा. तीस वर्षांना सव्वातीन लाख, म्हणजे वाईटातल्या वाईटातही तिप्पट. पट्टा फाकला तो वरच्या बाजूने. कुणाला १ कोटी २२ लाखांची भीती वाटते?

शिवाय हे नुसतं गणित नाही. सेन्सेक्सचा कुठलाही १५ वर्षांचा तुकडा घ्या, १९७९ पासून एकही तोट्यात गेलेला नाही. बारा वर्षं म्युच्युअल फंडांचं वितरण करतोय. ज्यांनी हात लावला नाही ते सगळे आज सुखात आहेत.

तिरकस

ज्यांनी हात लावला ते तुमच्याकडे परत येतच नसतील, त्यामुळे मोजणीत फक्त सुखी लोक उरले असणार.

विमागणिती

खडकवासलेकर, तुमचे आकडे बरोबर आहेत. दीर्घपल्ला म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात खरी गंमत आहे.

"तिप्पट झाले" हे कशाच्या तुलनेत? ते १ लाख तीस वर्षं बिनजोखमीच्या ठिकाणी ६ टक्क्यांनी पडून राहिले असते, तर तुमच्याच पद्धतीने ६ लाख ५ हजार झाले असते. म्हणजे ३ लाख ३१ हजार हा नफा नव्हे, हातात आयती असलेली जवळपास निम्मी रक्कम घालवून बसणं आहे. आता दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. पहिली, शेअर्स या ६ टक्क्यांच्या मागे पडण्याची शक्यता. ती एका वर्षाला ४२ टक्के, दहा वर्षांना २६, तीस वर्षांना १४. ही उतरते, यात वाद नाही. सल्लागार सहसा एवढंच सांगून थांबतात.

दुसरी गोष्ट, मागे पडलात तर किती मागे. शंभरात एखाद्या वेळी येणारा वाईट निकाल घ्या, म्हणजे सूत्रात १.६४५ च्या जागी २.३२६ टाका. एका वर्षाला तुम्ही ठेवीपेक्षा ३५ टक्के कमी असाल, दहा वर्षांना ६६ टक्के कमी, तीस वर्षांना ७४ टक्के कमी. तीस वर्षांनी सहा जणांचं जेवण अपेक्षित असताना दीड-पावणेदोन जणांचं उरतं.

मजा अशी की वीसात एकदा येणाऱ्या निकालाशी थांबलात तर दहा वर्षांना ४७ टक्के कमी आणि तीस वर्षांना ४५ टक्के कमी, म्हणजे मुदत वाढून किंचित बरंच दिसतं. शेपटाकडे जितकं खोल बघाल तितकी लांब मुदत जास्त वाईट दिसत जाते. त्यामुळे कुठलं टोक निवडलं यावर अर्धा वाद मिटतो किंवा पेटतो.

खडकवासलेकर

मग शक्यता उतरतेय आणि खोली वाढतेय, तर दोन्ही मिळून एक आकडा कसा काढायचा? कोणी तरी काढला असेलच.

विमागणिती

माझ्या धंद्यात त्याला एकच उत्तर, हप्ता किती ते विचारा. समजा कुणी विमा विकतोय की मुदत संपल्यावर तुमचे शेअर्स ठेवीपेक्षा मागे असतील तर फरक आम्ही भरू. शक्यता आणि खोली दोन्ही त्या हप्त्यात येतात. बाजाराच्या भाषेत हा पुट ऑप्शन, आणि त्याची स्ट्राइक किंमत म्हणजे तेवढ्याच मुदतीत ठेवीची होणारी रक्कम. झ्वी बोडी यांनी १९९५ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला. चढउतार २० टक्के धरले तर १ लाखाच्या गुंतवणुकीवर आज भरायचा हप्ता असा येतो: एका वर्षासाठी ८ हजार, दहा वर्षांसाठी २५ हजार, तीस वर्षांसाठी ४२ हजार.

वेळेने जोखीम विरत असती तर तीस वर्षांचा विमा जवळपास फुकट मिळायला हवा होता.

दीर्घपल्ला

ताई, या हिशोबात एक गोम आहे आणि ती तुम्ही सांगितली नाही. ऑप्शनच्या सूत्रात शेअर्सची सरासरी १० टक्के कुठेच येत नाही. शेअर्स २५ टक्क्यांनी वाढणार असले तरी हप्ता तेवढाच. मग तो माझ्या जोखमीचं माप कसा काय?

विमागणिती

गोम खरी आहे, आणि बोडींवर हाच आक्षेप पुष्कळांनी घेतला. हप्ता म्हणजे नुकसानाची सरासरी नाही. वाईट काळात मिळणारा रुपया लोकांना जास्त मोलाचा वाटतो, ती किंमतही त्यात मिसळलेली असते. तुम्ही स्वतः त्या वाईट काळाला इतरांपेक्षा कमी भीत असाल तर तुमच्यासाठी हा विमा महाग आहे, घेऊ नका. पण मग कारण "मी कमी भितो" हे सांगा, "तीस वर्षांत धोका राहत नाही" हे नको. दोन्ही वाक्यांतून पोर्टफोलिओ एकच निघेल कदाचित, पण दुसरं वाक्य ऐकून भित्रा माणूसही सगळं इक्विटीत टाकतो.

मुदतठेव काका

तुम्हा लोकांची सूत्रं चालू द्या. मी बँकेत होतो. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला तेव्हा आमच्या शाखेतले शिपाईसुद्धा शेअर्सच्या भावावर बोलायचे. घोटाळा बाहेर आला आणि सगळं खाली. ठीक, घोटाळे होतात. पण नंतर बघा, एप्रिल २००३ मध्ये सेन्सेक्स ३,००० च्याही खाली होता. अकरा वर्षं! लाभांश धरा, वर्षाला दीड-दोन टक्के, तरी मुद्दलही पुरतं वसूल नाही. आणि त्याच काळात पीपीएफ जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के देत होतं, नंतर उतरत गेलं तरी या अकरा वर्षांत पैसे तिपटीहून जास्त झाले. आमच्यातल्या एकाने प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन शेअर्स घेतले होते आणि तो निवृत्त झाला २००२ मध्ये. त्याला कुणी सांगितलं असतं की अजून पाच वर्षं थांब, सगळं वसूल होईल, तर ते खरंही ठरलं असतं. पण त्याच्या मुलीचं लग्न २००२ मध्येच होतं.

दीर्घपल्ला

काका, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे! २००३ मधले ३,००० जानेवारी २००८ मध्ये २०,८०० झाले. बाजार फार खाली गेला की वर येतो, फार वर गेला की खाली येतो. खडकवासलेकरांनी प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरलंय तिथेच गडबड आहे. वर्षं स्वतंत्र नसतात. वाईट वर्षांनंतर चांगली येण्याकडे कल असतो, म्हणून लांब मुदतीतला पट्टा सूत्रापेक्षा अरुंद असतो. जेरेमी सीगल यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या आकड्यांवरून हेच दाखवलं.

निशीकसाई

तोक्योहून लिहितोय. इथे हा मुद्दा थोडा वेगळा दिसतो. निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं. मधे मार्च २००९ मध्ये तो ७,१०० च्याही खाली होता. लाभांश धरले तर वसुली काही वर्षं आधी झाली, आणि इथे महागाई जवळपास नव्हतीच, त्यामुळे येनची किंमत टिकली. हे दोन्ही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही माझ्या ऑफिसमधले साठीचे सहकारी शेअर्सचं नाव काढलं की विषय बदलतात. त्यांची अख्खी नोकरी त्या खड्ड्यात गेली.

दीर्घपल्लांचा नियम इथेही लागू झाला म्हणता येईल. फार वर गेलेला बाजार खाली आलाच. फक्त परत वर यायला एका माणसाचं कमावतं आयुष्य लागलं.

शुभदा_के

सगळं वाचतेय, निम्मं डोक्यावरून गेलं. माझा प्रश्न साधा आहे. लेक आत्ता आठवीत आहे, तिच्या इंजिनिअरिंगसाठी ती दोन वर्षांची असल्यापासून एसआयपी चालू आहे, पूर्ण इक्विटी. माझी मुदत लांब आहे असंच आम्हाला सांगितलेलं. शिवाय एसआयपीत दर महिन्याला वेगळ्या भावाने खरेदी होते, म्हणजे जोखीम आपोआप वाटली जाते ना? मग चार वर्षांनी काही त्रास नको ना? आणि लार्ज कॅप बरा की फ्लेक्सी कॅप?

दीर्घपल्ला

शुभदाताई, एसआयपी चालू ठेवा, हात लावू नका. फंड कुठला आहे ते मेसेज करा, बघून सांगतो.

विमागणिती

शुभदाताई, जरा थांबा, मेसेज करायच्या आधी हे वाचा. एसआयपीने *खरेदीचा* भाव वाटला जातो, विक्रीचा नाही. लेकीची फी भरायच्या दिवशी सगळे युनिट त्या एका दिवसाच्या भावाने विकले जाणार. सुरुवातीच्या वर्षांत तुमचे थोडे पैसे बाजारात होते, तेव्हा बाजार निम्मा झाला असता तरी बिघडलं नसतं. आता दहा-अकरा वर्षांची जमा एकत्र आहे आणि सगळ्यात मोठी रक्कम शेवटच्या चार वर्षांतच धोक्यात असणार. जानेवारी २००८ ते मार्च २००९ या चौदा महिन्यांत सेन्सेक्स २०,८७३ वरून ८,१६० वर आला, म्हणजे ६१ टक्के खाली. २००८ च्या सुरुवातीला ज्यांची एसआयपी दहा वर्षांची झाली होती त्यांचीही जवळपास तेवढीच घसरण झाली. आधीची दहा वर्षं मधे पडून त्यांना वाचवायला आली नाहीत.

तुमची मुदत आता चार वर्षं आहे, चौदा नाही. मागे गेलेली वर्षं मुदतीत धरायची नसतात. लार्ज की फ्लेक्सी यापेक्षा, पहिल्या दोन वर्षांची फी आजच इक्विटीतून बाहेर काढायची का, हा तुमचा प्रश्न आहे.

शुभदा_के

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आज रात्री घरी बोलते. दोन वर्षांची फी म्हणजे आमच्या जमा रकमेच्या निम्म्याच्या आसपास जाईल.

तिरकस

मूळ प्रश्नाकडे येऊ. मला अजूनही एक कळत नाही. एक नाणं उडवण्यापेक्षा शंभर नाणी उडवली तर निकाल सरासरीच्या जवळ येतो, हे तर शाळेत शिकलोय. विमा कंपनी याच्यावरच जगते. मग एक वर्षापेक्षा तीस वर्षं म्हणजे तेच झालं की. विमागणिती, तुमचाच धंदा, तुम्हीच नाकारताय?

विमागणिती

हाच प्रश्न १९६३ मध्ये पॉल सॅम्युएल्सन यांनी हाताळला. त्यांनी जेवणाच्या टेबलावर सहकाऱ्यांना पैज देऊ केली: नाणं उडवायचं, जिंकलात तर २०० डॉलर, हरलात तर १०० द्यायचे. एका सहकाऱ्याने एकटी पैज नाकारली, पण म्हणाला अशा शंभर देणार असशील तर खेळतो. सॅम्युएल्सन यांनी सिद्ध केलं की ज्याला ही पैज खिशात कितीही पैसे असताना एकदाही नको आहे, त्याने शंभरही नाकारायला हव्यात. कारण नव्व्याण्णव खेळून झाल्यावर शेवटची समोर येते तेव्हा ती एकटीच असते, आणि ती त्याला नकोच आहे. मग नव्व्याण्णवावी शेवटची होते, असं मागे मागे येत जा.

विमा कंपनी कशावर जगते ते नीट बघा. नुसती शंभर पॉलिसी घेतल्याने कंपनी सुरक्षित होत नाही, तिच्यावरचा एकूण बोजा शंभर पॉलिसींचाच असतो. ती सुरक्षित होते कारण तो बोजा अनेक भागधारकांत वाटला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक पॉलिसीचा शंभरावा भाग येतो. एका पैजेचे शंभर तुकडे करणं वेगळं आणि शंभर अख्ख्या पैजा लावणं वेगळं. तुम्ही आज १ लाख शेअर्समध्ये ठेवता तेव्हा दर वर्षी लाखाचा तिसावा भाग पैजेवर लावत नाही. दर वर्षी सगळी जमा पुन्हा लावता, आणि ती वाढत गेलेली असते.

तिरकस

पण तो सहकारी मूर्ख नव्हता हो. शंभर पैजांत एकूण तोट्यात जायचं तर ३३ किंवा त्याहून कमी वेळा जिंकावं लागतं. मी काढून बघितलं, दोन हजारांत एकदाही होत नाही. दोन हजारांत एकदाच्या धोक्याला मीही हो म्हणेन, आणि एकट्या पैजेला कदाचित नाही म्हणेन. सिद्धांत मला मूर्ख ठरवत असेल तर सिद्धांताचं काहीतरी चुकलं असणार.

विमागणिती

ते "खिशात कितीही पैसे असताना" हे कलम बघा, सगळा जोर त्यावर आहे. तुम्ही दहा हजार डॉलर जिंकून बसल्यावर पुढची १०० ची पैज नाकाराल का? बहुतेक लोक नाही नाकारणार. मग तुम्ही सॅम्युएल्सनच्या अटीत बसतच नाही आणि तुम्ही शंभर घेणं सुसंगत आहे. म्हणजे उत्तर तुमच्या स्वभावावर गेलं, नाण्यांच्या संख्येवर नाही. तुमच्या मुद्द्याचं माझ्याकडे याहून पक्कं उत्तर नाही.

खडकवासलेकर

मला दीर्घपल्लांचा उलट फिरणारा बाजार सोडवत नाहीये. ते खरं असेल तर माझी स्वतंत्र वर्षांची सगळी आकडेमोड कोसळते. आणि सेन्सेक्सचे १५ वर्षांचे तुकडे कधीच तोट्यात नाहीत हेही कुणी खोडलं नाही.

विमागणिती

खोडत नाही, पण मोजून बघू. १९७९ पासून धरली तर साधारण ४५ वर्षं होतात. त्यात १५ वर्षांचे एकमेकांवर न चढणारे तुकडे किती? तीन. १९९०-२००५, १९९१-२००६, १९९२-२००७ ही वेगवेगळी उदाहरणं नव्हेत, त्यांतली बहुतेक वर्षं तीच ती आहेत. तीसवर्षांचा तर एकच तुकडा आणि वर अर्धा. "कधीच नाही" याचा अर्थ इथे "तीनदा नाही" एवढाच आहे. बाजार उलट फिरतो याचा पुरावाही असाच पातळ आहे. फामा-फ्रेंच आणि पोटर्बा-समर्स यांनी १९८८ मध्ये त्याची चिन्हं दाखवली, तीही फार लांब इतिहासातून, आणि तेव्हापासून त्यावर वाद आहे.

आता दुसरी बाजू. तुम्ही सरासरी १० टक्के धरली. ती आली कुठून? त्याच ४५ वर्षांतून. चढउतार २० टक्के असताना ४५ वर्षांवरून काढलेल्या सरासरीत जवळपास ३ टक्क्यांची अनिश्चितता उरते, कारण २० ला ४५ च्या वर्गमुळाने भागलं की तेवढं येतं. खरी सरासरी ७ असू शकते, १३ ही असू शकते. एका वर्षाला याने काही फरक पडत नाही. पण चुकलेली सरासरी दर वर्षी त्याच दिशेने चुकते, चांगली-वाईट वर्षं एकमेकांना खोडतात तशी ती खोडली जात नाही. हे धरून तुमचा तक्ता पुन्हा मांडला, तर तीस वर्षांचं खालचं टोक ३ लाख ३१ हजारांवरून १ लाख ९५ हजारांवर येतं, वरचं दोन कोटींच्या पुढे जातं. ठेवीच्या मागे पडण्याची शक्यता १४ ची २० टक्के होते. वर्षाच्या हिशोबाने चढउतार एका वर्षाला २०.२ टक्के असतात ते तीस वर्षांच्या मुदतीला २६ टक्क्यांच्या घरात जातात.

म्हणजे एक ओढ पट्टा आवळते आणि दुसरी फाकवते. पास्टोर आणि स्टॅम्बॉ यांनी २०१२ मध्ये दोन्ही एकत्र तोलून बघितल्या, अमेरिकेच्या आकड्यांवर, बाजार उलट फिरतो हे मान्य करूनच. त्यांच्या हिशोबात फाकवणारी ओढ भारी पडली.

दीर्घपल्ला

त्यांच्या गृहीतकांवरही वाद आहे हेही लिहा. आणि अमेरिकेत तर दोनशे वर्षांचा डेटा आहे, तिथे तुमचा तीन तुकड्यांचा मुद्दा चालत नाही.

निशीकसाई

अमेरिकेचा डेटा आपण वापरतो कारण अमेरिका जिंकली. १९०० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या शेअर बाजारात पैसे लावणाऱ्याचा डेटा १९१७ ला संपतो.

मुदतठेव काका

मला एकच सांगा. तरुणाने शेअर्स जास्त घ्यावेत हे मग चूक की बरोबर? आम्ही तर पोरांना तेच सांगतो.

विमागणिती

काका, सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो, कारण वेगळं असतं. तरुणाची सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे पुढची तीस-पस्तीस वर्षांची कमाई. पगार नियमित असेल तर ती एक भली मोठी ठेवच आहे, तिच्यापुढे आजचे दोन-चार लाखांचे शेअर्स किरकोळ. बाजार पडला तर तो जास्त तास काम करेल, दोन वर्षं उशिरा निवृत्त होईल. बोडी, मर्टन आणि सॅम्युएल्सन यांनी १९९२ मध्ये हे मांडलं. सॅम्युएल्सन त्यातही आहेत, हे विशेष. पण तोच तरुण ब्रोकिंग फर्ममध्ये असेल, तर त्याचा पगार आणि शेअर्स एकाच दिवशी कोसळतील. त्याने वय बघून इक्विटी वाढवू नये.

खडकवासलेकर

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमचे सगळे ग्राहक अमेरिकेतले. २००९ मध्ये आमच्याकडे पगारवाढ नव्हती आणि बेंचवरचे लोक गेले होते. म्हणजे माझी ती भली मोठी ठेव काकांच्या ठेवीसारखी नाही. सल्लागाराने नोकरी काय ते विचारलं होतं, फॉर्मवर लिहिलंही, पण हिशोबात ते कुठे आलं नाही.

विमागणिती

बरोबर पकडलंत. दीर्घपल्ला, तुमच्यासाठी एक पक्की कसोटी देते, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. पट्ट्याच्या दोन टोकांमधली पट मुदतीबरोबर वाढूच नये, तीस वर्षांच्या विम्याचा हप्ता एका वर्षाइतकाच, ८ हजार, राहावा असं हवं असेल, तर तीस वर्षांच्या हिशोबात चढउतार वर्षाला २० ऐवजी ३.६५ टक्के निघायला हवेत. बाजार थोडाफार उलट फिरून भागत नाही, इतका फिरायला हवा. १६ टक्के निघाले तरी हप्ता ३४ हजार येतो.

दीर्घपल्ला

३.६५ निघणार नाहीत, हे मीही मान्य करतो. माझा अंदाज १३-१४ चा आहे. रविवारी सेन्सेक्सचा डेटा घेऊन बसतो. अडचण एवढीच की लाभांश धरलेला निर्देशांक पूर्ण १९७९ पासून कुठे मिळेल? कुणाकडे असेल तर सांगा. नुसत्या भावावर काढलं तर काका म्हणतील लाभांश विसरलास.

मुदतठेव काका

म्हणणारच. आणि महागाईही वजा कर. १९९२ चा रुपया आणि २००३ चा रुपया एक नव्हता.

शुभदा_के

अवांतर: घरी बोलणं झालं. एका वर्षाची फी काढायला हे तयार आहेत, दोन वर्षांची नाही. बाजार चढतोय म्हणून. पुढच्या महिन्यात पुन्हा विषय काढते.